डाळ मिल, ट्यूशन एरिया आणि मधली गाळलेली पायरी

लातूर मागे पडतंय, असं शहरात फिरून कुणालाच वाटणार नाही. औसा रोडला नव्या इमारती उभ्या राहतायत, दवाखान्यांच्या पाट्या एकीवर एक चढतायत, आणि जून महिन्यात ट्यूशन एरियात पाय ठेवायला जागा नसते. पैसा खेळतोय हे उघड आहे. तरी याच जिल्ह्यात दहावीनंतर शिक्षण सुटलेला मुलगा कामासाठी चाकण नाहीतर रांजणगाव गाठतो, आणि त्याची बहीण गावातच सोयाबीन काढायच्या रोजंदारीवर जाते. शहर मोठं झालं, पण या दोघांना महिन्याच्या महिन्याला पगार देणारं काम शहरात फारसं तयार झालं नाही. असं का झालं, हे समजून घ्यायला लातूरइतकं सोयीचं गाव मराठवाड्यात दुसरं नाही.

अर्थशास्त्रात याला अकाली विऔद्योगिकीकरण म्हणतात. सुक्ती दासगुप्ता आणि अजित सिंग यांनी २००६ मध्ये विकसनशील देशांबद्दल हा विचार मांडला. पुढे दानी रॉड्रिक यांनी २०१६ च्या निबंधात अनेक देशांची आकडेवारी लावून तो चर्चेच्या मध्यभागी आणला. म्हणणं साधं आहे. पूर्वी देश श्रीमंत होताना लोक शेतीतून कारखान्यात गेले, आणि कारखानदारीने कळस गाठल्यावर हळूहळू सेवांकडे वळले. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धाआधी कारखान्यांतल्या रोजगाराचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होता. भारतात हा वाटा १३ टक्क्यांच्या आगेमागे गेला आणि तिथूनच उतरू लागला. २०११-१२ मध्ये तो १२.६ टक्के होता आणि २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात ११.४ टक्के. पश्चिम युरोपातल्या देशांनी कळस गाठला तेव्हा त्यांचं दरडोई उत्पन्न १९९० च्या किमतींत १४,००० डॉलरच्या घरात होतं. रॉड्रिक यांच्या हिशोबाने भारताचा कळस साधारण ७०० डॉलरवरच आला. म्हणजे शिडीची पहिली पायरी चढतो न चढतो तोच ती वरून ओढून घेतली गेली.

हे देशाचे आकडे झाले. प्रत्यक्षात ते कसं घडतं, हे गावपातळीवर पाहावं लागतं, कारण तिथे कोणत्या यंत्राने कोणाचं काम गेलं हे दिसतं.

लातूर मूळचं व्यापारी गाव. निजामाच्या काळात बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ इथपर्यंत आला, गंजगोलाईभोवती पेठ वसली, आणि उस्मानाबादपासून, म्हणजे आजच्या धाराशिवपासून, वेगळं होऊन १९८२ मध्ये जिल्हा झाला. मोंढ्यात येणारा माल म्हणजे ज्वारी, तूर, करडई, भुईमूग, पुढे सूर्यफूल आणि आता मुख्यतः सोयाबीन. तूर आणि सोयाबीनच्या भावासाठी आजही लातूरच्या सौद्याकडे राज्य पाहतं. अशा गावात कारखानदारी यायची ती या मालावर प्रक्रिया करणारी, हे ठरलेलंच होतं. तशी ती आली. तेलाचे घाणे आले, तेल गिरण्या आल्या, डाळ मिल आल्या.

तेल गिरण्यांचं काय झालं, ते थोडक्यात सांगता येईल. १९८६ मध्ये केंद्राने तेलबिया अभियान सुरू केलं तेव्हा आयातीवर लगाम होता. गिरण्यांना बरे दिवस आले, शेतकऱ्यालाही करडई-सूर्यफूल परवडू लागलं. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली आणि नंतर शुल्क कधी खाली, कधी वर होत राहिलं. आज देश लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो. मलेशिया-इंडोनेशियाच्या स्वस्त तेलापुढे करडईचं तेल काढणारी छोटी गिरणी टिकणं शक्य नव्हतं. ती मोडली आणि तिच्यामागे करडईचं पीकही आटलं. राहिले ते सोयाबीनचे मोठे सॉल्व्हंट प्लांट. त्यांत हेक्झेन नावाचं रसायन वापरून तेल काढतात. शंभर किलो सोयाबीनमधून साधारण अठरा किलो तेल निघतं, बाकी जवळपास सगळी पेंड, जिला बाजारात डीओसी म्हणतात. कोंबडी खाद्य आणि निर्यातीवर चालणारा हा धंदा टनांत मोठा आहे. पण पाइप, टाक्या आणि पॅनेलवर चालणाऱ्या अशा प्लांटमध्ये किती माणसं लागणार?

रॉड्रिक यांच्या मांडणीत व्यापाराचं कारण हेच आहे. विकसनशील देश दरवाजे उघडतो तेव्हा कारखान्याच्या मालाचा जगातला पडता भावही तो आयात करतो. लातूरसारख्या जिल्ह्याची तर आणखी पंचाईत. देश निदान आयात शुल्क लावू शकतो, चलनाचा भाव बदलू शकतो. लातूरला सुरत, इचलकरंजी किंवा चाकणपुढे भिंत घालता येत नाही, आणि घालूही नये. फक्त त्याचा अर्थ असा की उशिरा आलेल्याला सवलत मिळत नाही.

दुसरं कारण तंत्राचं. ते पाहायला डाळ मिलमध्येच शिरावं लागतं, आणि इथे जरा थांबायला हरकत नाही.

तूर भरडणं दिसतं तितकं सोपं नाही. तुरीच्या दाण्याचं टरफल आणि आतली डाळ यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे हरभऱ्यासारखी तूर सहज सुटत नाही. म्हणून आधी माल चाळून, आकारानुसार वेगळा करून, खरखरीत रोलरवर घासायचा, म्हणजे टरफलाला चरे पडतात. मग थोडं तेल चोळून मुरत ठेवायचा आणि नंतर ऊन द्यायचं. दोन-तीन दिवस हे ऊन आणि मुरवणं चालतं, तेव्हा कुठे डिंक सुटतो. त्यानंतर रोलर, पाण्याचा हलका हात, पुन्हा वाळवण, मग भरड, चाळणी, पॉलिश. शेवटी डाळीतले काळे दाणे, टरफल न सुटलेले दाणे, खडे वेचून काढायचे. चांगल्या मिलमध्ये शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ हाती येते. बाकीची चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जातं.

या साखळीत माणसं लागायची ती दोन जागी. पहिली जागा वाळवणाची. मिलच्या मोठ्या फरशीवर तूर पसरायची, तासातासाला पायाने किंवा दाताळ्याने फिरवायची, ढग आला की गोळा करायची. दुसरी जागा निवडायची. बायका रांगेने बसून, पुढ्यात डाळीचा ढीग घेऊन, हाताने काळा दाणा बाजूला काढत. शिक्षणाची अट नाही, सही करता आली नाही तरी चालायचं, आणि काम सावलीत. शेतातल्या रोजंदारीपेक्षा ते बायकांना बरं वाटायचं. मजुरी थोडी जास्त असायची आणि काम पावसावर अवलंबून नव्हतं.

मग गरम हवेचे ड्रायर आले आणि फरशी मोकळी झाली. त्यानंतर सॉर्टेक्स आला. हे यंत्र बघण्यासारखं आहे. वरून डाळीची पातळ धार उतरत्या पन्हाळींवरून घसरते, दोन्ही बाजूंनी कॅमेरे प्रत्येक दाण्याचा रंग टिपतात, आणि वेगळ्या रंगाचा दाणा दिसला की हवेची बारीक पिचकारी त्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत बाजूला उडवते. तासाला टनांनी माल निघतो. एका मिलवाल्या शेठजींना विचारलं की बायकांना काढून का टाकलं, तर ते चिडले नाहीत. म्हणाले, "काढायचं काय, सॉर्टेक्स नसलेला माल मुंबई-पुण्याची पार्टी उचलतच नाही. हाताने निवडलेल्या डाळीत पोत्याला दहा काळे दाणे सापडले तरी माल परत येतो." त्यांचं म्हणणं खरं आहे. सॉर्टेक्स घेतला नसता तर बायकांचं काम टिकलं नसतं, मिलच बंद पडली असती. मॉलमध्ये पाकिटात विकल्या जाणाऱ्या डाळीची प्रत आता जगात ठरते, आणि ती प्रत ज्या यंत्राने येते ते यंत्र दिल्लीतलं असो वा डोंबिवलीतलं, सगळ्यांना सारखंच घ्यावं लागतं. मजुरी स्वस्त आहे म्हणून लातूरच्या मिलवाल्याने जुन्या पद्धतीने चालवावं, हा पर्यायच उरलेला नाही.

या प्रकरणातला पहिला धडा म्हणून हे लक्षात ठेवावं लागेल की उत्पादन घटलेलं नाही. मिलमधून निघणारी डाळ पूर्वीपेक्षा जास्तच आहे. म्हणून केवळ उत्पादनाचा आकडा पाहिला तर विऔद्योगिकीकरण दिसतच नाही. ते दिसतं रोजगाराच्या वाट्यात. देशाचंही तेच आहे. एकूण मूल्यवर्धनात कारखानदारी सोळा-सतरा टक्क्यांवर रेंगाळते, पण त्यामागची माणसं कमी होत जातात.

आता ट्यूशन एरियाकडे येऊ. लातूर पॅटर्नची सुरुवात शिकवणीतून झाली नाही. इथल्या काही कनिष्ठ महाविद्यालयांनी ऐंशीच्या दशकापासून बारावीच्या मुलांकडून शिस्तीने सराव करून घेतला, प्रश्नपत्रिकांवर प्रश्नपत्रिका सोडवून घेतल्या, आणि बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची नावं झळकू लागली. पुढे वैद्यकीय प्रवेश आधी राज्याच्या सीईटीवर आणि नंतर नीटवर गेले, तसा हा सराव महाविद्यालयांतून खासगी क्लासमध्ये सरकला. नांदेड, परभणी, बीड, धाराशिव, सोलापूर, अगदी विदर्भातूनही मुलं येतात. त्यांच्या मागे खोल्या, वसतिगृहं, मेस, अभ्यासिका, झेरॉक्स, सायकली, रिक्षा असं सगळं गाव उभं राहिलं.

"सेवा क्षेत्र म्हणजे गावातल्या गावात एकमेकांचे केस कापणं" अशी टिंगल अर्थशास्त्रात होते. लातूरची शिकवणी त्या टिंगलीत बसत नाही, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. ती बाहेरच्या जिल्ह्यांतून पैसा आणते. त्या अर्थाने ती निर्यातच आहे. सोयाबीन विकून जे मिळतं त्याहून जास्त नियमित असा हा पैसा आहे.

तो पैसा कुठून येतो, ते पाहण्यासारखं आहे. समजा एका मुलाचा वर्षाचा खर्च दीड लाख रुपये धरला. त्यात फी ऐंशी हजार, खोली तीस हजार, मेस तीस हजार आणि किरकोळ दहा हजार. मोठ्या क्लासची फी याहून जास्त असू शकते, आपण हिशोबापुरतं धरतोय. आता बरं वर्ष असेल तर एकरी सात-आठ क्विंटल सोयाबीन होतं. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. ४,२०० रुपये धरले तर एकराला सुमारे साडेएकतीस हजार. म्हणजे पोराचं एक नीटचं वर्ष म्हणजे पावणेपाच एकरांचं अख्खं उत्पन्न, तेही बी, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वजा न करता. म्हणून बाप कर्ज काढतो, नाहीतर तुकडा विकतो. ट्यूशन एरियातली चमक शेतीच्या वरकडातून आणि शेतीच्या कर्जातून आलेली आहे, आणि ती शेतीच्या हंगामाला बांधलेली आहे. २०१६ मध्ये मांजरा धरण आटून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा सेवांचं शहरही पाण्याला बांधलेलंच असतं हे लातूरने पाहिलं. शिकवायला पाणी लागत नाही, शिकणाऱ्याला लागतं.

या दीड लाखातून रोजगार किती निर्माण होतो? फीचा मोठा भाग थोड्या नामवंत शिक्षकांकडे आणि क्लासच्या मालकांकडे जातो. खोलीभाडं घरमालकाकडे. तो बऱ्याचदा त्यातून दुसरा मजला चढवतो, म्हणजे काही काळ गवंड्याला काम. शिक्षण नसलेल्या हातांना स्थिर काम मिळतं ते मुख्यतः मेसमध्ये. डाळ निवडणाऱ्या बाया गेल्या कुठे, असं विचारलं तर उत्तराचा एक भाग तिथे सापडतो.

एका मेसचं गणित मांडू. शंभर मुलं, प्रत्येकी जेवणाला चार पोळ्या, दिवसाला दोन जेवणं, म्हणजे आठशे पोळ्या. सराईत बाई लाटून-भाजून तासाला साठ-सत्तर पोळ्या काढते. म्हणजे बारा-तेरा तासांचं काम झालं, दोन बायांचं, सकाळ-संध्याकाळ वाटून. आता मेस दोनशे मुलांची झाली तर चार बाया लागतील. चारशेची झाली तर आठ. पोळी करणाऱ्या मावशींचा वेग पहिल्या वर्षी जो होता, तोच दहाव्या वर्षी राहणार. त्यात त्यांचा दोष काहीच नाही. काम वाढलं तरी एका माणसामागचं उत्पादन वाढत नाही, आणि ते वाढत नसेल तर पगार वाढायला दुसरं कारण लागतं. त्या कारणाबद्दल विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकातच लिहून ठेवलं आहे. पोळीवाल्या मावशींचा पगार खऱ्या अर्थाने तेव्हाच वाढेल, जेव्हा त्यांना जवळच्या कारखान्यात जास्त पगाराचं काम मिळण्याची शक्यता असेल आणि मेसवाल्याला त्यांना टिकवण्यासाठी जास्त मोजावं लागेल. कारखाना नसेल तर ही ओढच नाही. मेसवाल्याने पोळी मशीन आणलं की हेही काम आटेल, आणि मोठ्या मेसमध्ये ते दिसू लागलंच आहे.

डाळ मिल आणि मेस शेजारी ठेवली की प्रकरणाचा गाभा दिसतो. मिलमध्ये उत्पादकता झपाट्याने वाढते, पण तिथे माणसं नकोत. मेसमध्ये माणसं हवीत, पण तिथे उत्पादकता वाढत नाही. निकोलस काल्डॉर यांनी १९६६ मध्ये कारखानदारीला वाढीचं इंजिन म्हटलं, ते या दोन गोष्टी एका छताखाली घडत होत्या म्हणून. अडाणी माणूस गिरणीत शिरायचा आणि दहा वर्षांत त्याच्या हातून निघणारा माल दुप्पट व्हायचा. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातल्या शेतकऱ्यांच्या एका-दोन पिढ्यांना हे दिलं. मराठवाड्यातल्या फार थोड्या लोकांना ते मिळालं.

शिकवणीच्या मालाबद्दल एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. क्लास जे विकतो ते ज्ञान असेलही, पण पालक विकत घेतो ते नीटमधलं स्थान. २०२५ मध्ये पावणेतेवीस लाखांच्या आसपास मुलांनी नीटसाठी नोंदणी केली, आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. लातूरने शिकवणी दुप्पट चांगली केली तर लातूरच्या मुलांना जास्त जागा मिळतील, पण त्या नागपूर किंवा कोटाच्या मुलांकडून येतील. सगळ्या देशाने शिकवणी दुप्पट चांगली केली तर एकही जागा वाढणार नाही, फक्त कटऑफ वाढेल. डाळ मिल दुप्पट चालली तर देशात डाळ जास्त होते. शिकवणी दुप्पट चालली तर स्पर्धा महाग होते. मुलांचा अभ्यास वाया जातो असं मला म्हणायचं नाही, चांगला शिकलेला मुलगा कुठेही उपयोगी पडतो. पण शहराच्या मुख्य उद्योगाचा माल असा मोजलेल्या ताटांचा असेल, तर तो उद्योग अमर्याद वाढवता येत नाही.

शिवाय तो नियमांवर उभा आहे. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाला ७०:३० चं सूत्र होतं, सत्तर टक्के जागा विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यातल्या सगळ्यांना. मराठवाड्यात महाविद्यालयं कमी, म्हणून हे सूत्र इथल्या मुलांवर अन्याय करतं अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. सप्टेंबर २०२० मध्ये ते रद्द झालं, आणि तेव्हाचे वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख हे लातूरचेच. एका शासन निर्णयाने लातूरच्या शिकवणीची बाजारपेठ रुंदावली. तशीच ती दुसऱ्या एखाद्या निर्णयाने आकसूही शकते. परीक्षेचं स्वरूप बदललं, ऑनलाइन शिकवणी खरोखर रुळली, की घरमालकाच्या दुसऱ्या मजल्याला भाडेकरू कुठून आणायचा?

या मांडणीवर आक्षेप घेता येतात आणि ते घ्यायलाच हवेत. पहिला आकड्यांचा. पूर्वी कारखान्याचा रखवालदार, झाडूवाला, हमाल, ड्रायव्हर हे सगळे कारखान्याच्या हजेरीपटावर असत. आता ते ठेकेदाराकडे असतात आणि सर्वेक्षणात "सेवा" म्हणून मोजले जातात. काम तेच, गेट तेच, रकाना बदलला. त्यामुळे घसरणीचा काही भाग कागदावरचाच आहे. हे तपासायचं तर ठेकेदाराच्या माणसाला विचारावं की तुझं काम मिल बंद पडली तर राहील का. "नाही" असं उत्तर आलं तर तो मिलचाच माणूस. लातूरच्या मोंढ्यातले कितीतरी लोक असे निघतील. पण निवडणाऱ्या बायकांना हे लागू होत नाही. त्यांचं काम रकान्यातून दुसरीकडे गेलं नाही, यंत्रात गेलं.

दुसरा आक्षेप साखरेचा. लातूरमध्ये मांजरासारखे सहकारी साखर कारखाने चांगले चालले, मग कारखानदारी नाही असं कसं म्हणता? खरं आहे. पण साखर कारखाना वर्षातले चार-पाच महिने गाळप करतो, आणि त्याच्यामागचा सगळ्यात मोठा रोजगार म्हणजे ऊसतोड. ती शेतीतच मोजली जाते आणि तिथे वर्षानुवर्षं कोयताच चालतो. हार्वेस्टर आला की तोही जाईल. शिवाय पाण्याची जी ओढाताण मांजरा खोऱ्यात आहे, तिच्यात उसाचा वाटा कुणी नाकारू शकत नाही. याच्यावर वेगळं लिहावं लागेल.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार. भारत सेवाच निर्यात करतो, २०२३-२४ मध्ये ती निर्यात ३४० अब्ज डॉलरच्या आसपास गेली, मग कारखान्यांचा हट्ट कशाला? या निर्यातीने पुणे-बंगळूर-हैदराबाद घडवलं आणि लातूरची अनेक मुलं तिथे इंजिनिअर म्हणून आहेत. पण आयटी उद्योगात देशभरात पंचावन्न लाखांच्या आसपास लोक. देशाच्या कामकऱ्यांची संख्या पन्नास कोटींच्या वर. म्हणजे शंभरात एक. आणि त्या एकाला आधी बारावी, पदवी, इंग्रजी पार करावं लागतं. बाकीच्यांचं काय होतं हे आकड्यांतच दिसतं. २०१८-१९ मध्ये शेतीतल्या रोजगाराचा वाटा ४२.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्के झाला. टाळेबंदीत गावाकडे आलेले लोक परतले, पण सगळे नाहीत. माणसं शेतीतून बाहेर पडण्याऐवजी शेतीत परत येत असतील, तर सेवांची वाढ त्यांना सामावून घेत नाही हे त्याहून स्पष्ट कसं दिसणार?

मराठवाड्यात कारखानदारी नाहीच असं नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा आणि आता बिडकीन, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या भोवती ती बऱ्यापैकी आहे. १९८० च्या दशकात बजाजचा प्रकल्प वाळूजला आला आणि त्याच्यामागे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांची रांग लागली. ती रांगच खरी गोष्ट आहे. आयटीआय झालेला, न झालेला मुलगा प्रेस मशीनवर हेल्पर म्हणून लागतो, वर्षभरात ऑपरेटर होतो, पुढे सेटर. लातूरला अशी रांग कधी लागली नाही, कारण अख्ख्या गावाला ओढेल असा मोठा ग्राहक कधी आलाच नाही.

तो आता आला, असं म्हणतात. हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला. भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं, पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडला, आणि २०२३ मध्ये रशियन भागीदारीतल्या कंपनीला १२० वंदे भारत गाड्या इथे बनवायचं कंत्राट मिळालं. गावात याचा आनंद आहे आणि तो रास्त आहे. पण किती माणसं गेटमधून आत जातील यावर हा कारखाना मोजू नये. रोबोट वेल्डिंग आणि तयार संच बाहेरून आणून जोडणी, असाच तो चालला तर तो सॉल्व्हंट प्लांटचा मोठा भाऊ ठरेल. मोजायचं ते हरंगुळच्या गेटबाहेर. डब्याच्या आत किलोमीटरच्या किलोमीटर वायरिंग असतं, आणि त्याचे हार्नेस, म्हणजे तारांचे जुडगे, अजूनही बऱ्याच प्रमाणात हाताने, पाटीवर खिळे लावून बांधतात. सीटची शिलाई असते, फायबरचे पॅनेल असतात, पडदे, रबरी पट्ट्या असतात. यातलं किती काम लातूर एमआयडीसीत होतं आणि किती चेन्नई-बडोद्याहून ट्रकने येतं, हे पाच वर्षांनी पाहावं. हार्नेस बांधायला आणि सीट शिवायला ज्या हातांची गरज असते, त्यांत डाळ निवडणाऱ्या बायकांच्या मुली बसू शकतात, आठवी-दहावी शिकलेल्या, दोन महिन्यांच्या प्रशिक्षणाने.

तयार कपड्यांचा धंदा इथे यायला हवा होता, त्याला शिलाई येणारे हातच लागतात. बांगलादेशने त्यावर चाळीस लाखांच्या आसपास लोकांना काम दिलं, त्यांत बहुसंख्य बायका. आपल्याकडे नवं शतक उजाडेपर्यंत तयार कपडे लघुउद्योगासाठी राखीव होते, म्हणून मोठे युनिट उभेच राहिले नाहीत. २००५ ला जगातला कोटा उठला तेव्हा ढाका तयार होतं, आपण नव्हतो. आता बंदरापासून पाचशे किलोमीटर आत असलेल्या लातूरला निर्यातीच्या शर्टाची ऑर्डर मिळवणं अवघड आहे, कारण त्या धंद्यात आठवडाभराच्या उशिराने विमानाचं भाडं खिशातून भरावं लागतं. देशातल्या बाजाराचा गणवेश, रुग्णालयाच्या चादरी, वसतिगृहाचे बेडशीट हे मात्र लातूरलाच शिवता येतं, आणि त्याचा ग्राहक तर ट्यूशन एरियात बसलेला आहे. वसतिगृहांना लागणारी गादी, चादर, लोखंडी कॉट, टेबल, स्टीलची ताटं आज कुठून येतात, याची यादी एखाद्या व्यापारी संघटनेने काढली तर बरीच नावं पानिपत, राजकोट आणि भिवंडीची निघतील असं मला वाटतं. शिकवणीचा पैसा शहरात येतो तो तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने बाहेर जातो. त्यातला दहावा हिस्सा जरी शहरात अडवून शिलाई आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये फिरवला, तर मेसमधल्या मावशींना मालकाशी पगाराबद्दल बोलताना दुसऱ्या कामाचं नाव घेता येईल.